माणूस आवडलाय, पण सगळं स्वतःचंच बोलतोय. मी मध्ये शिरू कशी?

खानापूरची_पोर

नमस्कार मंडळी. थोडं लाजतच लिहितेय. वय २८, घर खानापूर, नोकरी बेळगावात एका सीएच्या ऑफिसात, रोजची ये-जा. घरचे स्थळं बघायलेत, पण हा मुलगा मैत्रिणीच्या ओळखीतला आहे, घरी अजून सांगितलेलं नाही. मूळचा निपाणीचा, उद्यमबागेत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. तीनदा भेटलो. दोनदा कॅम्पात चहाला, एकदा टिळकवाडीत डोसा खायला.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. वेळेवर येतो, वेटरशी नीट बोलतो, बस येईपर्यंत स्टँडवर थांबतो. पण एकदा बोलायला लागला की फाउंड्री, मालक, थोरला भाऊ, भावाची गाडी, परत फाउंड्री. परवा बसमध्ये बसल्यावर सहज आठवून मोजलं. सव्वा तासात मी त्याला १७ प्रश्न विचारले. त्यानं मला दोन विचारले. एक, "चहा की कॉफी?" दुसरा, "बस कितीला आहे?"

आणि लोंढा गाडीत खिडकीशी जागा मिळून मी टेकते न टेकते तोच त्याचा मेसेज: "तुझ्याशी बोलून लई बरं वाटलं." बोलून! मी बोलले कुठं?

"सोडून दे" हा सल्ला मैत्रिणींनी देऊन झालाय, तो नको. मला त्याचं ऐकायला आवडतं, निदान पहिली वीस मिनिटं तरी. नंतर मी मान हलवत असते आणि डोक्यात उद्याच्या डब्याचा विचार चालू असतो. ऐकण्यातला जीवही जाऊ नये आणि माझंही काही पोचावं, असं काही जमतं का?

टिळकवाडी_कट्टा

सोपं आहे. प्रश्न विचारणं बंद कर आणि गप्प बस. पाच मिनिटांत त्याला आपोआप कळेल. पेट्रोल बंद केलं की गाडी थांबते.

उसाचा_फड

ताई, मी चिकोडीकडची. लग्नाला ११ वर्षं झाली. आमचं बघणं म्हणजे पोहे, आणि गच्चीवर पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत ह्यांनी मला ड्रिपवर उसाचा उतारा एकरी किती पडतो ते सांगितलं. मी म्हटलं, लाजतोय बिचारा. अजून उतारा ऐकतेय. गेल्या हंगामात तोडणीची टोळी आली नाही म्हणून तीन आठवडे जेवताना दुसरा विषय नव्हता. पेट्रोल आम्ही कधीच बंद केलं, टिळकवाडीकर. गाडी उतारावर आहे.

हलगा_हायवे

मुलगा कन्नड आहे का? मग प्रॉब्लेम भाषेचा. माझं तसंच झालेलं. धारवाडच्या एका मुलीला भेटत होतो, घरात ती कन्नड, मी मराठी. मला कन्नड येतं, बाजारात कुणी फसवू शकत नाही. पण तिचं वाक्य संपायचं, मी मनात माझं वाक्य जुळवायचो, आणि ते ओठावर येईपर्यंत तिचं पुढचं सुरू झालेलं असायचं. तिला वाटलं मी घुम्या आहे. मराठीत भेटा.

खानापूरची_पोर

@हलगा_हायवे नाही ओ, दोघंही मराठीच. पण ते "ओठावर येईपर्यंत" मात्र माझंही तसंच होतं, आणि तेही मातृभाषेत!

शहापूर_गल्ली

हलग्याच्या दादांचा प्रश्न चुकला तरी मुद्दा लाखमोलाचा आहे. मी समाजशास्त्रात एम. ए. केलंय, तेवढ्या बळावर लिहिते. जगातल्या दहा भाषांतल्या बोलण्यांची मोजणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली होती. एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला मध्ये साधारण एक पंचमांश सेकंद जातो. इतक्या वेळात वाक्य जुळवून होत नाही. म्हणजे समोरच्याचं संपायच्या आधीच आपलं तयार व्हायला लागतं. जी व्यक्ती सभ्यपणे "त्याचं पूर्ण होऊ दे, मग बघू" म्हणून थांबते, तिची पाळी रोज हुकते. तुझं हेच होत असणार.

आणि त्याच्या मेसेजवर चिडू नकोस. २०१७ मध्ये हार्वर्डच्या काही संशोधकांनी दाखवलं की जे लोक समोरच्याच्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारतात, ते जास्त आवडतात. स्पीड डेटिंगच्या नोंदींतही अशांना दुसऱ्या भेटीचा होकार जास्त मिळालेला. तुझ्या १७ प्रश्नांमुळेच तू त्याला आवडतेस. पण त्याला आवडलंय ते ऐकणं. ऐकणारी कोण आहे, हे त्याला अजून ठाऊकच नाही.

मंदाकाकू_वडगाव

मी वधूवर मेळाव्यांच्या कामात बारा-तेरा वर्षं आहे. दोघांना बाजूच्या खोलीत बोलायला पाठवायचं आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचं, हे माझं काम. कान देत नाही म्हटलं तरी ऐकू येतंच. एकजण बोलतोय, दुसरा मान डोलावतोय, अशा जोड्या किती बघितल्या त्याचा हिशेब नाही. आणि कायम मुलगाच बोलतो असंही नाही हं, मुलींनीही दारं हलवलीत.

टिळकवाडीकर, तुमचं अर्धं बरोबर. प्रश्न कमी करायचे, खरं. पण नुसतं गप्प बसलं की बोलका माणूस काय करतो? त्या शांततेत त्याला "आता तू बोल" असं ऐकू येत नाही. "हिला कंटाळा आला वाटतं, अजून काहीतरी चांगलं सांगू" असं ऐकू येतं, आणि तो दुप्पट बोलतो.

पोरी, एखादा प्रसंग जसाच्या तसा लिही बघू. तुझी वाक्यंही लिही, त्याचीच नको.

खानापूरची_पोर

आठवतंय तसं लिहिते काकू.

तो: मागच्या महिन्यात एक लॉट परत आला. साडेतीनशे नग.
मी: अरे बापरे. का?
तो: ब्लोहोल. कास्टिंग वरनं चांगलं दिसतंय, मशिनिंगला गेलं की आतली भोकं उघडी पडतात.
मी: मग कुणावर आलं?
तो: माझ्यावरच की. पास मीच केलेलं.
मी: मालक काय म्हणाले?

आणि मग मालक. मालकाचे वडील. मालकाच्या वडिलांनी फाउंड्री कशी काढली. वीस मिनिटं.

मंदाकाकू_वडगाव

बघ, कीर्तनात बुवांच्या मागं झीलकरी उभे असतात ना, तू तशी उभी आहेस. "का", "मग", "काय म्हणाले". बुवा कशाला थांबतील?

आता नीट बघ. "माझ्यावरच की, पास मीच केलेलं." इथं मुलगा भोकं आणि नग सोडून स्वतःच्या चुकीवर आला होता. दार उघडं होतं. तू विचारलंस मालकाबद्दल! त्याला दारातनं परत अंगणात तूच नेलंस. मालकात तुला खरोखर रस होता का? नव्हता. म्हणून तुझं डोकं डब्याकडं गेलं. ऐकण्यातला जीव जातो तो असा. ज्याचं उत्तर आपल्याला नकोय तो प्रश्न केवळ शिष्टाचार म्हणून विचारायचा आणि मग उत्तर सोसत बसायचं. सतराच्या जागी तीन विचार, पण ज्याचं उत्तर ऐकायला कान टवकारतील तेच.

आता त्या दारात तुझं एक वाक्य ठेवायचं. हातून झालेली चूक तुझ्याकडंही असेलच. सांग.

खानापूरची_पोर

आहे की. मी असं म्हणाले असते: "हो ना, असं होतं. माझ्याकडूनपण एकदा एका दुकानदाराचं जीएसटीचं इनपुट क्रेडिट दोनदा धरलं गेलेलं. रिटर्न जाऊन बसलेलं. पुढच्या महिन्याचं काम करताना १९ तारखेच्या रात्री लक्षात आलं, २० ला भरायचं. पण तुझ्या लॉटएवढं काही मोठं नव्हतं म्हणा ते. मग, मालकांनी तुझा पगार कापला का?"

मंदाकाकू_वडगाव

बरं केलंस लिहिलंस ते. आता माझ्यासमोर दोन वाक्यं खोड.

पहिलं, "तुझ्या लॉटएवढं मोठं नव्हतं म्हणा". आपणच आपल्या गोष्टीला बारीक म्हटलं तर समोरच्यानं ती उचलायची कशाला?

दुसरं, शेवटचा प्रश्न. त्याला मी शेपूट म्हणते. बायका हे शेपूट लावतातच, मीही लावत होते. आपलं सांगून होतंय तोवर अवघडल्यासारखं वाटतं आणि चेंडू पटकन परत देऊन मोकळं व्हावंसं वाटतं. तू प्रश्न विचारलास, तो उत्तर देणार. त्यात त्याचा काय दोष?

तुझं वाक्य कुठं संपायला हवं? "१९ तारखेच्या रात्री लक्षात आलं, २० ला भरायचं." बस. तिथं थांब, कप उचल, त्याच्याकडं बघ. आपलं सांगून झाल्यावर गप्प बसायचं ते इथं. त्या शांततेत तुझी गोष्ट अर्धी लटकलेली असते, त्यामुळं तिचा अर्थ वेगळा होतो.

पुढं दोन गोष्टी होतील. "मग काय केलंस?" आलं तर गाडी रुळावर. "आमच्याकडंपण ऑडिटला असंच..." आलं तर एकदा जाऊ दे, लगेच चिडू नको. त्यानं श्वास घेतला की हसत म्हण, "थांब, माझं अर्धंच झालंय." बारीक आवाजात नको, माफी मागितल्यासारखंही नको. आपल्याकडं घरात बहिणीला म्हणतो तसं. आणि हे पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत कर. तासभर झील धरून शेवटी तोंड उघडलंस तर तोवर ठरून गेलेलं असतं, कोण बोलणार आणि कोण ऐकणार.

शहापूर_गल्ली

काकू, तुम्ही दाराबाहेर बसून जे ओळखलंत त्यावर चार्ल्स डर्बर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७९ मध्ये लिहून ठेवलंय. त्यानं संवादांतली उत्तरं दोन ढिगांत टाकली. एकात विषय समोरच्याकडेच राहतो, दुसऱ्यात तो आपल्याकडे वळतो. "आमच्याकडंपण" हा दुसरा ढीग. गंमत अशी की तुम्ही पोरीला तोच दुसरा ढीग शिकवताय.

मंदाकाकू_वडगाव

हो, शिकवतेय. एकानं सारखा वळवला तर ती वाईट खोड. दोघांनी आळीपाळीनं वळवला तर त्यालाच गप्पा म्हणतात.

शहापूर_गल्ली

मान्य. २०१३ च्या एका प्रयोगात हेच निघालं होतं. अनोळखी जोड्यांत आळीपाळीनं बोललेल्यांना एकमेकांबद्दल जास्त आपलेपणा वाटला. आधी एकानं सगळं सांगायचं, मग दुसऱ्यानं, अशा जोड्यांत तो कमी पडला. म्हणजे "आज त्याचं ऐकते, पुढच्या भेटीत माझं सांगीन" हा हिशेब चालत नाही.

टिळकवाडी_कट्टा

एवढी तयारी करून भेटायला जायचं? मग ते प्रेम कसलं, परीक्षा झाली की.

उसाचा_फड

तुमच्या घरी भाजी आपोआप शिजते का ओ?

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट

मी तो मुलगा. म्हणजे तो नव्हे, तसला. इथं कुणी आमच्या बाजूनं बोलेना म्हणून लिहितोय.

मुलींना भेटायला गेलो की मी सुटायचो. शॉपवर दिवसभर मशीनच्या आवाजात ओरडून बोलायचं, घरी आलो की आई टीव्हीत. कुणी "मग?" म्हटलं की बांध फुटल्यागत. दुसरं म्हणजे भीती. दोन सेकंद शांत गेले की वाटायचं फेल झालो.

पण खरं कारण वेगळं, ते कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या ताईला बघायला १४ ठिकाणचे लोक आले. प्रत्येकानं प्रश्न. पगार किती, स्वयंपाक येतो का, चष्मा कधीपासून. ती आत जाऊन रडायची. मी तेव्हाच ठरवलं, कुठल्याच मुलीला असं प्रश्न विचारून तपासायचं नाही. मला वाटायचं मी सभ्यपणा करतोय. एका मुलीनं शेवटी तोंडावर सांगितलं, "तुम्ही मला काहीच विचारत नाही, म्हणजे तुम्हाला काही जाणून घ्यायचंच नाहीये." मला धक्काच बसला. मला मध्ये कुणी तोडलं असतं ना, आयुष्यभर उपकार मानले असते.

म्हणून खानापूरकर, एकदा त्याला म्हणा, "मला विचारलेलं आवडतं." काहींना परवानगी लागते.

मंदाकाकू_वडगाव

हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. लिहून ठेवते.

उसाचा_फड

सगळे असे भाबडे नसतात पण. आपण बोललो की "तसं नसतंच ते" म्हणून दुरुस्त करणारे असतात, आपण बोलताना मोबाईल उचलणारे असतात. घाबरून बोलणारा आणि आपल्याला किंमतच न देणारा, दोघंही बडबडेच. पोरीनं ओळखायचं कसं?

मंदाकाकू_वडगाव

जागा करून दिल्यावर काय करतो, त्यावरनं. घाबरट माणूस "थांब, माझं राहिलं" म्हटलं की ओशाळतो आणि खरंच थांबतो. दुसरा "हां, बोल बोल" म्हणतो आणि डोळे इकडं तिकडं. आणि एक खूण नंतरची. चार दिवसांनी तुझ्या गोष्टीतलं काही त्याच्या लक्षात आहे का?

अजून एक. हॉटेलात समोरासमोर बसू नका. चालत बोला. चालताना मध्ये शांतता आली तरी ती कुणाला टोचत नाही, रस्ता ओलांडावा लागतो, शेंगदाणे घ्यावे लागतात, विषय आपोआप तुटतो. तुटला की तो जोडायची पाळी तुझी.

खानापूरची_पोर

रविवारी भेटलो. किल्ल्याच्या तळ्याकडनं चालत. हिशेब देते.

पहिला प्रयत्न पडला. तो नव्या इन्स्पेक्शन रिपोर्टबद्दल सांगत होता. मी चूक-दुकानदार-१९ तारीख सगळं नीट म्हटलं, शेपूट लावलं नाही, थांबले. कप नव्हता म्हणून ओढणी नीट केली. तो म्हणाला, "आमच्याकडंपण ऑडिटवाले महिनाअखेरीलाच येतात," आणि चार मिनिटं ऑडिटवाले. मला वाटलं संपलं.

मग तो मक्याचं कणीस घ्यायला थांबला. कणीसवाली लिंबू चोळत होती. मी म्हटलं, "थांब, माझं अर्धंच झालेलं." काकू, तो खरंच ओशाळला. "हां हां, सॉरी, सांग की." आणि गप्प! आणि मी काय सांगणार होते तेच विसरले. इतकी जागा मिळेल असं वाटलं नव्हतं. दोघंही त्या कणसाकडं बघत उभे.

मग सांगितलं कसंतरी. रात्री दुकानदाराला फोन करावा की नको, सर झोपले असतील का, बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारतायत "काय झालं गे" आणि मी नुसती आकडे बघत बसलेली. जास्तीचं क्रेडिट व्याजासकट परत भरायला लागणार होतं, ते दुकानदाराला सांगायचं कुणी, तर मीच. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलं, "मग त्यानं काय केलं?" नंतर विचारलं, "शिव्या दिल्या?" दोन प्रश्न, सलग! दिवसभरात एकूण सहा. मोजायचं नाही म्हणत होते तरी मोजले.

उद्यमबागवाल्या दादांचं वाक्यही म्हटलं, बसस्टँडवर. "मला विचारलेलं आवडतं." तो म्हणाला, "मला वाटायचं तू कमी बोलणारी आहेस." आता घ्या. तीन भेटी मी त्याच्याबद्दल "हा बडबड्या" म्हणत होते आणि तो माझ्याबद्दल "ही अबोल".

एक गोष्ट मात्र खटकली. माझं सांगून झाल्यावर म्हणाला, "तुम्ही लोक चेकलिस्ट का ठेवत नाही? आमच्याकडं असतीय," आणि चेकलिस्ट कशी करायची ते नंदिनी दूध पार्लरपर्यंत सांगितलं.

उसाचा_फड

बघ, आला उतारा.

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट

क्वालिटीवाला आहे ओ तो. त्याच्या लेखी तेच फूल.

उसाचा_फड

फुलाला काटे किती ते तिनं बघायचं. सल्ला म्हणजे विचारपूस नव्हे.

मंदाकाकू_वडगाव

दोघंही थांबा. पोरी, चेकलिस्टच्या वेळी तू काय म्हणालीस?

खानापूरची_पोर

"हो का? मग?" म्हणाले. 😐

मंदाकाकू_वडगाव

झीलकरी!

हलगा_हायवे

माझ्या धारवाडच्या मुलीला मी आज मेसेज केलाय. कन्नडमध्येच. म्हटलं, मला दोन सेकंद उशीर लागतो, तेवढं थांबशील का. बघू.

खानापूरची_पोर

अपडेट. बुधवार. आत्ता मेसेज आला: "तुझ्या त्या दुकानदाराचं मिटलं का इन्कम टॅक्सचं?"

जीएसटी होतं!

टिळकवाडी_कट्टा

विसरलाच की.

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट

दुकानदार लक्षात आहे!

उसाचा_फड

चार दिवसांत टॅक्स बदलला, चाळीस वर्षांत काय काय बदलेल.

मंदाकाकू_वडगाव

तू काय उत्तर दिलंस?

खानापूरची_पोर

"जीएसटी रे. आणि मिटलं नाही, त्यानं सीए बदलला. त्या दिवशी मला काय वाटलं ते रविवारी सांगते." प्रश्न लावला नाही शेवटी. निळ्या टिका आल्यात. ऑफिस सुटलंय, बस गोवावेसला अडकलीय, फोन हातातच धरून बसलेय.